रात्री साडेदहाचा कूलर आणि दुकानाचा फोन

नागपुरात सक्करदऱ्याकडे एक कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचे जीएसटीचे आणि उधारीचे हिशेब माझ्याकडे असतात. दुकान भाऊ चालवतात, गल्ल्यावर वहिनी बसतात आणि फोनचं काम बारावी झालेल्या मुलाकडे. घरोघरी जाऊन काम करणारी पोरं दोन. गेल्या वर्षी मे महिन्यात बिलं घ्यायला गेलो तर भाऊंनी बिलांआधी फोनच पुढे केला.

"दादा, हे पाहा. ही बाई गेली हातची."

मनीषनगरच्या एका घरून रात्री दहा चाळीसला मेसेज आला होता, "भाऊ कूलर चालू होऊन नाही राहिला." त्याखाली लगेच दुकानाकडून एक इंग्रजी वाक्य गेलेलं होतं. मेसेजबद्दल आभार, सध्या उपलब्ध नाही, लवकरच संपर्क करू, अशा अर्थाचं. मग बाईंचं "कधी येता?", अकराला नुसतं "??" आणि सकाळी आठला "राहू द्या, दुसरा बोलावला."

नागपुरात कूलर बिघडतो कधीही, पण तो बिघडलाय हे कळतं रात्री. दिवसभर माणसं कामावर असतात. जेवणं आटोपून, गादी घालून बटण दाबलं की पंखा नुसता गुणगुणतो नाहीतर पाणीच चढत नाही. त्यामुळे या धंद्यात चौकशांचा खरा वेळ दुकानाचं शटर पडल्यावर सुरू होतो. हे भाऊंना कळत होतं म्हणूनच त्यांनी मुलाकडून व्हॉट्सॲप बिझनेस टाकून घेतलं होतं आणि आपोआप जाणारा निरोप चालूही केला होता. निरोप जात होता, गिऱ्हाईकही जात होतं.

हे प्रकरण नीट लिहून ठेवावंसं वाटलं, कारण यात बिघाड कुठेच नव्हता. ॲपला जे सांगितलं होतं तेच ते करत होतं.

आधी मोजणी

मजकुराला हात लावायच्या आधी आम्ही वही घेऊन बसलो आणि मागच्या सात रात्रींचे मेसेज चाळले. रात्री नऊनंतर आणि सकाळी दहाच्या आत आलेल्या चौकशा अडतीस निघाल्या. त्यातल्या सतरा "बंद पडला", "पाणी फेकून नाही राहिला" अशा दुरुस्तीच्या. नऊ ताट्यांच्या भावाच्या, सहा लग्नाकार्यासाठी भाड्याने कूलर मागणाऱ्या. चार रागाच्या, म्हणजे पोरगा येतो म्हणाला आणि आला नाही. आणि दोन अशा की वाचून मी खुर्चीत सरळ बसलो: "कूलरला हात लावला की झटका लागतो." दोन्ही घरांना मिळालेलं उत्तर तेच, इंग्रजी आभारांचं.

सतरा दुरुस्त्यांपैकी चौदांमध्ये सकाळी मुलाने उलट विचारलं होतं, "कुठे राहता?" मग "कोणता कूलर?" मग "नेमकं काय होते?" प्रत्येक प्रश्नाला गिऱ्हाईक ऑफिसातून, गाडीवरून, स्वयंपाकघरातून वेळ मिळेल तसं उत्तर देणार. हे संपेपर्यंत साडेअकरा वाजायचे आणि तोवर पोरं दुसरीकडे निघून गेलेली असायची. म्हणजे रात्रीची आमची पंचाईत उत्तर न मिळण्याची नव्हतीच. रात्रभर मेसेज तसाच पडून राहायचा आणि सकाळी त्यात कामाचं काहीच हाती लागायचं नाही.

इथे एक गोष्ट भाऊंना समजावून सांगावी लागली. `Away message` नावाची ही सोय समोरच्याचा मेसेज वाचत नाही. कोणी भाव विचारला काय, करंट लागला म्हटलं काय, मजकूर एकच जातो. ते उत्तर नव्हेच, ती शटरवर लावलेली पाटी आहे. पाटीवर "धन्यवाद" लिहून काय होणार? पाटी अशी लिहायची की अडतीसच्या अडतीस माणसांना त्यात आपल्या कामाची एक तरी ओळ सापडावी.

पाटीचा मजकूर

पहिला खर्डा मुलाने केला आणि त्यात अख्खं भावपत्रक घातलं. वुडवूलच्या ताट्या, हनीकॉम्ब पॅड, पंप, पंख्याची मोटर, येण्याजाण्याचा आकार, सगळं. पोराची मेहनत होती, पण इतका लांब मेसेज ॲप अर्ध्यातच दुमडून ठेवतं आणि खाली `Read more` दाखवतं. घामाघूम माणूस ते दाबायला जात नाही. शिवाय छापलेल्या भावावर रात्रीच घासाघीस सुरू होते आणि तेव्हा समोर बोलायला कोणी नसतं. भाव काढून टाकले.

दुसरा खर्डा भाऊंचा, "सकाळी लवकर येतो." मी म्हटलं, भाऊ, लवकर म्हणजे किती? ते हसले. "तेच तर. गिऱ्हाईकाला सात वाटते, मला अकरा."

शेवटी जो ठरला तो असा:

> दुकान बंद आहे. मेसेज सकाळी १० वाजता बघतो, त्याआधी नाही.
>
> करंट लागत असेल तर कूलरला हात लावू नका, पाणी भरू नका. घराचा मेन बंद करा.
> करंट लग रहा हो तो कूलर मत छूना, पहले घर का मेन बंद करो.
>
> दुरुस्ती असेल तर आत्ताच पाठवून ठेवा: मोहल्ला आणि घराजवळची खूण, कूलर लोखंडी की प्लास्टिकचा, आणि काय होते त्याचा १० सेकंदांचा व्हिडिओ (लांबून काढा, आवाज येऊ द्या).
> ताट्या किंवा भाड्याचा कूलर असेल तर किती नग आणि कोणत्या तारखेला ते लिहा.

करंटची ओळ इतकी वर का, यावर वहिनींचा आक्षेप होता. दुकानाच्या पहिल्याच मेसेजात करंटचं नाव आलं तर लोक घाबरतील म्हणाल्या. पण लोखंडी टाकी, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप आणि पुष्कळ घरी अर्थिंग नावापुरतं. पंपाची वायर सोलली की सगळी टाकीच जिवंत होते. सात रात्रींत दोन मेसेज येत असतील तर ती ओळ खाली ठेवून चालत नाही. प्लग काढा असंही आधी लिहिलं होतं. ते भाऊंनीच खोडलं. बोर्ड बहुतेक कूलरच्या मागे असतो, हात ओला असतो आणि प्लगपर्यंत पोचायला टाकीला अंग लागतं. मेन मात्र दाराजवळ असतो. ही गोष्ट हिशेब लिहिणाऱ्या माणसाला सुचली नसती.

हिंदीची एकच ओळ ठेवली, तीही करंटपुरतीच. नागपुरात मराठी न वाचणारी गिऱ्हाइकं भरपूर आहेत. बाकीचं ती अंदाजाने समजून घेतात, पण जिवाची गोष्ट अंदाजावर कशी सोडणार?

व्हिडिओची मागणी मला आधी जास्त वाटली होती. नंतर पाहिलं, सगळ्यात उपयोगी तीच निघाली. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, आणि फिरला तर अगदी सुस्त, असं दिसलं की भाऊ पोराला कंडेन्सर बरोबर घ्यायला सांगतात. पंखा जोरात फिरतोय पण ताट्या कोरड्या, तर पंप. पंपाचा घुर्र आवाज येत असेल तर बहुतेक आत खार बसून पंखी अडकलेली असते, साफ केली की चालतो. आवाजच नसेल तर नवा पंप सोबत न्यायचा. आधी पोरगा सक्करदऱ्याहून मनीषनगरला जायचा, झाकण उघडून पाहायचा आणि सामान आणायला परत यायचा. उन्हातली ती दुसरी फेरी दहा सेकंदांच्या व्हिडिओने वाचते. "लांबून काढा" हे शब्द मात्र नंतर घातले. एका काकांनी पंखा लाटण्याने ढकलून दाखवणारा व्हिडिओ पाठवला होता.

वेळ कोणती भरायची

निरोप कधी जावा यासाठी ॲपमध्ये तीन पर्याय आहेत. तीन ठिपक्यांतून `Business tools` मध्ये जायचं, काही फोनांत खालच्या पट्टीवरच `Tools` असतं. तिथे `Away message` उघडून `Schedule` दाबलं की `Always send`, `Custom schedule` आणि `Outside of business hours` दिसतात. आपल्याला तिसरा हवा. पण तो निवडण्याआधी दुकानाच्या वेळा भरलेल्या असाव्या लागतात, आणि त्या दुसरीकडे, म्हणजे `Business profile` मध्ये भरायच्या. दर वाराला वेगळी वेळ देता येते.

मुलाने साडेनऊ ते नऊ भरलं होतं, शटरची वेळ म्हणून. बरोबर वाटतं ना? पण साडेनऊला शटर उघडल्यावर झाडलोट, अगरबत्ती, पोरांना सामान देणं, रात्रीच्या मेसेजांवरून त्यांचा रस्ता ठरवणं यात फोनकडे कोणी बघतच नाही. सव्वादहा होतात. या पाऊण तासात आलेल्या माणसाला पाटीही दिसत नव्हती, कारण ॲपच्या लेखी दुकान उघडं होतं, आणि माणूसही बोलत नव्हता. संध्याकाळीही तेच. साडेआठनंतर भाऊ गल्ला मोजत असतात.

अडचण अशी की या वेळा दोन ठिकाणी कामाला येतात. त्यावरूनच आपोआप निरोप सुटतो आणि त्याच गिऱ्हाइकाला दुकानाच्या माहितीत दिसतात. निरोपासाठी दहा आणि शटरसाठी साडेनऊ असं वेगळं ठेवता येत नाही. आम्ही फोनच्या बाजूने निकाल दिला. सोमवार ते शनिवार दहा ते साडेआठ, रविवारी दहा ते दोन. साडेनऊला शटर उघडं दिसलं म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. साडेआठ वाचून नऊला येणारा थांबेल, तेवढं नुकसान भाऊंनी कबूल केलं. कोणी फोन बघत असेल तेवढीच वेळ ॲपमध्ये भरावी, या मताला मी अजून धरून आहे.

निरोप कोणाकोणाला गेला

नवा मजकूर लावल्याच्या पहिल्याच रात्री भाऊंच्या सासूबाईंनी घरच्या क्रमांकावर वहिनींना फोन केला. "जावईबापूंना विचारलं पोचले का, तर म्हणे दुकान बंद आहे, कूलर लोखंडी का प्लास्टिकचा!"

भाऊंचा घरचा आणि दुकानाचा क्रमांक एकच. पुष्कळ छोट्या दुकानदारांचं असंच असतं. `Recipients` मध्ये `Everyone` ठेवलं की सासू, साडू, शाळेचे मास्तर, सगळ्यांना पाटी जाते. गटांत जात नाही, एवढीच काय ती मेहरबानी. मुलाने लगेच दुसरा पर्याय निवडला, `Everyone not in address book`, म्हणजे फोनमध्ये नाव जतन नसलेल्यांनाच. घरचे शांत झाले.

पाच-सहा दिवसांनी भाऊंचा फोन आला. नवीन लोक व्हिडिओ पाठवून राहिले, म्हणाले, पण जुनी गिऱ्हाइकं पहिल्यासारखीच "भाऊ बंद पडला" लिहून बसतात. मी विचारलं, जुन्या गिऱ्हाइकांची नावं फोनात आहेत का? तर सगळी आहेत. "मानेवाडा शर्टवाले", "नंदनवन दोन कूलर", "बेसा उधारी बाकी" अशी वीसेक वर्षांची पुंजी. नाव जतन आहे म्हणून ॲपने त्यांना ओळखीचं मानलं आणि निरोप दिला नाही. ज्यांच्या जिवावर दुकान चालतं तीच माणसं वगळली गेली होती.

यातून सुटायचा मार्ग तिसरा, `Everyone except...`. सगळ्यांना पाठवायचं, फक्त निवडलेल्यांना नाही. वहिनींनी चष्मा लावून यादी केली आणि घरचे, नात्यातले, माल देणारे दोन-तीन व्यापारी आणि मी धरून सत्तावीस नावं निघाली. एवढी यादी एकदाच करावी लागते. नवीन पाहुणा जोडला गेला की त्याला एखाद्या रात्री कूलरचा प्रश्न जाईल, त्याला इलाज नाही. (मला त्या यादीत घातलं म्हणून माझ्याकडून चाचणी होईना. हेही आम्हाला दहा मिनिटांनी कळलं.)

चाचणी वहिनींच्या भावाच्या फोनवरून केली. त्याचं नाव थोडा वेळ यादीतून काढलं आणि साडेआठनंतर त्याच्याकडून "हॅलो" पाठवलं. निरोप गेला की तो दुकानाच्या फोनवरही आपण पाठवलेल्या मेसेजासारखाच दिसतो. त्यामुळे निरोप जातोय की नाही हे पाहायला वेगळं काही उघडावं लागत नाही. काल रात्रीची कोणतीही चौकशी उघडा, खाली पाटीचा मजकूर आहे का पाहा.

ज्या रात्री पाटी लागलीच नाही

जूनच्या पहिल्या आठवड्यात, नवतपा ओसरून गेला तरी रात्री झोप लागत नव्हती त्या दिवसांत, सलग दोन रात्री निरोप गेले नाहीत. सेटिंग सगळी जागच्या जागी होती. मुलाने ॲप काढून परत टाकायची तयारी चालवली होती. मी त्याला थांबवलं आणि मेसेज पाठवणाऱ्या एका गिऱ्हाइकाला विचारायला लावलं की तुम्हाला एक खूण दिसत होती की दोन? म्हणाला, रात्रभर एकच, सकाळी दुसरी आली.

एक खूण म्हणजे मेसेज दुकानाच्या फोनपर्यंत पोचलाच नव्हता. हा आपोआप निरोप फोन जागा आणि इंटरनेटला जोडलेला असेल तेव्हाच जातो. भाऊंनी डेटा संपतो म्हणून रात्री झोपताना तो बंद करायला सुरुवात केली होती. ॲपचा दोष शोधत आम्ही उगाच एक संध्याकाळ घालवली. आता रात्री फोन घरच्या वायफायवर, चार्जरला लावलेला असतो आणि बॅटरी वाचवणाऱ्या सोयीतून हे ॲप वगळलेलं आहे. नाहीतर काही फोन रात्री मागच्या ॲपांना झोपवून टाकतात. आवाज अर्थातच बंद.

दुसऱ्यांदा चूक माझ्या देखत झाली. भाऊंच्या भाचीचं लग्न वर्ध्याला होतं. शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत दुकान बंद. तेवढ्यापुरतं `Custom schedule` निवडून सुरुवात आणि शेवटाची तारीख-वेळ भरली, पाटीवर "सोमवारी १० वाजता" केलं. लग्न झालं, सोमवार उजाडला, दुकान उघडलं. सोमवारी रात्री पाटी नाही, मंगळवारी नाही. बुधवारी लक्षात आलं. मुदत संपली की ॲप आपणहून जुन्या `Outside of business hours` वर परत जात नाही, ते हाताने बदलावं लागतं. मजकूरही. नशीब की तो गेला नाही, नाहीतर मंगळवारी रात्री लोकांना पुढच्या सोमवारचा वायदा मिळाला असता. आता सुट्टी लावताना मुलगा त्याच क्षणी फोनमध्ये परत येण्याच्या दिवसाचा गजरही लावून ठेवतो.

आणखी एक छोटी गोष्ट, पण तिने भांडण झालं होतं. भाऊंना रात्री अकराला मेसेज उघडून बघायची सवय. गिऱ्हाइकाला निळ्या खुणा दिसायच्या आणि वर पाटी म्हणते दुकान बंद. "वाचून बसला अन् बोलत नाही!" त्यांनी ती सवय सोडली नाही, म्हणून `Privacy` मध्ये जाऊन `Read receipts` बंद केलं. त्याने भाऊंनाही इतरांच्या निळ्या खुणा दिसेनाशा झाल्या, त्याची कुरकुर अजून चालू आहे.

साठवलेली उत्तरं

`Quick replies` बद्दल भाऊंचा गैरसमज मोठा गमतीचा होता. मुलाने `/bhav` नावाचं उत्तर साठवलं, तर भाऊ गिऱ्हाइकांना सांगू लागले की रात्री `/bhav` टाका, भाव येईल. दोघातिघांनी टाकलंही. आली ती पाटीच. ही सोय दुकानाच्या माणसाच्या बोटांसाठी आहे. आपण चॅटमध्ये `/` टाकलं की साठवलेल्या उत्तरांची यादी वर येते, एक निवडलं की मजकूर लिहिण्याच्या जागी येतो, तो बघून पाठवायचा. गिऱ्हाइकाने काय टाकलं यावरून वेगळं उत्तर देणारी व्यवस्था हवी तर ती वेगळी घ्यावी लागते. दोन पोरांच्या दुकानाला ती नको.

ॲपमध्ये अशी पन्नास उत्तरं साठवता येतात. आमच्याकडे पाच आहेत आणि त्यातली तीनच रोज चालतात. `/patta` म्हणजे पत्ता आणि दुकानाची खूण. `/tati` मध्ये ताट्यांचं माप कसं घ्यायचं ते, कारण लोक कूलरची उंची सांगतात आणि ताटी लागते चौकटीच्या आतल्या मापाची. आणि सकाळी सव्वादहाला चालणारं, खरं कामाचं `/yeto`:

```
____ ते ____ या वेळात पोरगा येईल. निघताना फोन करेल. कूलर रिकामा करून ठेवा, भिंतीपासून हातभर पुढे ओढा.
```

रिकाम्या जागा मुद्दाम सुरुवातीलाच आहेत. आधी त्या वाक्याच्या मधोमध होत्या आणि मुलाने घाईत रेषांसकट तीन जणांना पाठवलं होतं. एका आजोबांनी विचारलं, "बेटा, ही रेघ म्हणजे किती वाजता?" भाव मात्र कोणत्याही साठवलेल्या उत्तरात ठेवला नाही. ताट्यांचा भाव हंगामात बदलतो आणि जुनं उत्तर एका बोटाने निघून जातं. मग त्या भावाला नाही म्हणता येत नाही.

नव्या माणसाला आपोआप जाणारा `Greeting message` आम्ही बंदच ठेवला. तो पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो किंवा चौदा दिवस काही बोलणं झालं नसेल तर. दिवसा मुलगा स्वतः उत्तर देतो, त्याच्या आधी यंत्राचा नमस्कार कशाला? रात्री नव्या माणसाला पाटीच पुरे.

आता सकाळी सव्वादहाला मुलगा मेसेज मोहल्ल्याप्रमाणे वहीत उतरवतो. मानेवाडा आणि बेसा एका पोराकडे, नंदनवन आणि वाठोडा दुसऱ्याकडे, मनीषनगर जेवणानंतर. करंटवाल्यांना मेसेज नाही, थेट फोन, आणि तोही शटर उघडायच्या आधी घरूनच भाऊ करतात. सगळेच व्हिडिओ पाठवतात असं नाही, निम्म्याहून थोडे जास्त पाठवतात. जे पाठवत नाहीत त्यांचा मोहल्ला तरी कळलेला असतो. मनीषनगरच्या बाई परत आल्या नाहीत.

जूनच्या शेवटी पाऊस लागला तेव्हा भाऊंनी स्वतःहून फोन केला. "दादा, ते ताट्यांचं काढा आता. अन् लिहा, कूलर ठेवायच्या आधी टाकी कोरडी करून रंग मारून घ्या, रंगाचं काम आपण करतो."

"करंटची ओळ?"

"ते राहू द्या. हिवाळ्यात गीझर येतेच ना."